उजवीकडचा तो कोण?

भाची दुकानात शिरली तीच मुळी दार आपटून. आत्या मागच्या टेबलापाशी चष्म्याच्या काचेची कड चाकावर घासत होती. काच जाड, मधोमध फुगलेली, भल्यामोठ्या प्लस नंबरची. असल्या कामात हात हलला की काच कामातून गेली.

"दाराने तुझं काय घोडं मारलंय गं?" मान वर न करता आत्याने विचारलं.

"आत्या, चाक बंद कर. चिंगी चोर निघाली."

आत्याने चाक बंद केलं. चिंगी म्हणजे भाचीची जिवाभावाची मैत्रीण. आज संध्याकाळी दोघींनी मिळून एका खोलीची अनामत भरायची होती. गेले काही महिने खोली, पडदे आणि ओटा याशिवाय दुसरा विषयच नव्हता तोंडात. आणि आता एकदम चोर!

"मी नाही राहणार तिच्याबरोबर," भाची म्हणाली. "जी सहलीच्या पैशात खोटं बोलते, ती उद्या भाड्यात काय करेल?" तिने फोन आत्याच्या नाकासमोर धरला. "वाच."

गेल्या आठवड्यात चौघं फिरायला गेली होती: भाची, चिंगी, पोपट आणि उंट. पोपट बडबड्या म्हणून पोपट, उंट उंच म्हणून उंट. परतताना भाचीचा फोन दगडावर आपटला नि गेला. नव्या फोनमध्ये जुने मेसेज आले नाहीत, म्हणून हिशेब काय ठरला ते तिने चिंगीला विचारलं. काल चिंगीने ग्रुपचा स्क्रीनशॉट पाठवला. तोच हा.

आत्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. अशा गोष्टींचा तिला भारी सोस. लोकांच्या भांडणापेक्षा ते कशावरून झालं यातच तिला जास्त रस.

डावीकडे तिघांचे मेसेज होते, वर ज्याचं त्याचं नाव. 'उंट': गाडी आणि पेट्रोल, ४८००. 'भागूबाई': सगळी जेवणं, ३६००. 'लेकरू': नावेचे १२००, आम्ही तिघंच बसलो. उजवीकडे बिननावाचे दोन. पहिला: मुक्कामाच्या घराचे ८००० मी भरले. दुसरा, शेवटचा: भागूबाई मला ५००. लेकरू मला ३००० आणि उंटाला ३००. विषय संपला!

"भागूबाई कोण?"

"मीच," भाची फणकारली. "पाण्याला घाबरून काठावर बसले ना! बाईसाहेबांनी फोनमध्ये तेच नाव ठेवलंय माझं. आणि पोपटाला म्हणे लेकरू! एवढी दाढी त्याला! पण ते जाऊ दे. उजवीकडे कोण असतं? ज्याचा फोन तो. म्हणजे चिंगी. ती म्हणते घराचे आठ हजार तिने भरले. आत्या, मी शेजारी उभी होते. पोपटाने कार्ड दिलं, माझ्या डोळ्यांदेखत!"

"मग पोपटालाच विचार ना."

"तो बोलेल जगभराचं, पैशाचं काढलं की गप्प. मुकाट तीन हजार देऊन मोकळा होईल बिचारा."

आत्याने पावतीपुस्तकातला एक कागद उलटा केला आणि पेन्सिल घेतली. घर, गाडी, जेवण: सोळा हजार चारशे. चौघांत वाटले तर माणशी चार हजार शंभर. भाचीने छत्तीसशे दिलेले, म्हणजे तिच्याकडून पाचशे निघतात. बरोबर. नावेचे बाराशे तिघांत, माणशी चारशे, म्हणून उरलेल्यांचा वाटा साडेचार हजार. उंटाने अठ्ठेचाळीसशे घातले, त्याला तीनशे परत. आठ हजार भरणाऱ्याला साडेतीन हजार यायचे. आणि लेकराने बाराशेच दिले, तर त्याने तेहतीसशे द्यायचे: तीन हजार इकडे, तीनशे उंटाकडे.

"पैचीही चूक नाही," आत्या म्हणाली. तिला भलतीच मजा वाटू लागली होती. "नावेचे पैसे तुझ्या माथी मारलेले नाहीत. मारले असते तर तुझे आठशे निघाले असते. जी आठ हजारांचा डल्ला मारते, ती तुझे तीनशे का वाचवेल?"

"मला काय माहीत! संशय येऊ नये म्हणून असेल."

"बरं, नावेचे पैसे कोणी दिले?"

"पोपटाने. लेकरू म्हणजे तोच ना."

"तू पाहिलंस?"

भाची कुठून पाहणार? ती तर काठावर होती, पाठ करून.

आत्याने फोन जरा लांब धरला, मग जवळ आणला. काहीतरी खटकत होतं खरं. हिशेबात नव्हे, चित्रातच. सगळं संभाषण एका पडद्यावर मावलं होतं. अक्षरं मोहरीएवढी. आत्याने टेबलावरची जाड काच बोटात उचलली, तिच्याकडे पाहिलं, आणि तिला हसूच फुटलं.

"अगं बावळट, ही काच कोणाची आहे?"

"कोणाची?"

"तुझ्या चोराची! सकाळीच फ्रेमची काडी मोडली म्हणून टाकून गेली. तिच्या फोनवरची अक्षरं पाहिलीस कधी?"

भाचीच्या चेहऱ्यावरचा राग जागच्या जागी थबकला. चिंगीच्या फोनवरची अक्षरं बोराएवढी. चष्मा लावूनसुद्धा तिला तेवढी लागतात. एका वेळी पडद्यावर दोन मेसेज मावले तर नशीब. त्यावरून सगळ्यांत जास्त चिडवणारी भाचीच होती.

"म्हणजे हा फोन तिचा नाही," ती पुटपुटली.

"चित्र मिटव आणि चिंगीने पाठवलंय तिथे बघ. वर काय लिहिलंय?"

भाचीने मागे जाऊन पाहिलं. फोटोवर बारीक अक्षरांत होतं: 'फॉरवर्डेड'. स्वतःच्या फोनवर काढून पाठवला असता तर तो शब्द आलाच नसता. चिंगीने आपला लांबलचक ग्रुप चाळत बसण्याऐवजी दुसऱ्या कोणाकडून आयता स्क्रीनशॉट मागवला होता आणि तसाच पुढे ढकलला होता.

"उजवीकडे पोपट," भाची हळू म्हणाली. "घर त्यानेच भरलं. भागूबाई हे नावही त्याचंच. आणि लेकरू..."

"चार फुटांची चिंगी. आणखी कोण?"

आता हसायला हवं होतं. पण भाची मटकन स्टुलावर बसली. "आत्या, मी तिला मेसेज पाठवून बसलेय. येतानाच. नको नको ते लिहिलंय. खोटारडी म्हटलंय. खोली एकटीच घे म्हटलंय."

आत्याने हातातली काच खाली ठेवली. एवढा वेळ तिला नुसती कोड्याची गंमत वाटत होती. हा पोरीच्या घराचा प्रश्न होता, हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. "वाचला तिने?"

निळ्या खुणा होत्या. मेसेज उघडला होता. त्याखाली चिंगीचा आवाजी मेसेज येऊन पडलेला. भाचीने अंगठा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"अगं, तुझं काहीतरी लांबलचक आलंय," फोनमधून चिंगी बोलली. "नुसता धुरळा दिसतोय. चष्मा तुझ्या आत्यांकडे आहे. घ्यायला निघालेच आहे. तिथेच ये आणि तूच वाचून दाखव."

आत्याने चाक सुरू केलं. राहिलेली कड घासली, काचा नव्या फ्रेममध्ये बसवल्या, पुसल्या. तिकडे भाचीने पोपटाला पाचशे पाठवले आणि चिंगीला लिहिलेला तो मेसेज सगळ्यांसाठी पुसून टाकला. "तिला दिसणारच ना, काहीतरी पुसलंय म्हणून?" तिने विचारलं.

"दिसणार. चष्मा मी चांगलाच बनवते."

चिंगी आली. चष्मा चढवला, आरशाऐवजी आधी फोन पाहिला. "काय पुसलंस गं?"

भाचीने आत्याकडे पाहिलं. आत्याने मुद्दाम खण उघडून त्यात डोकं घातलं.

"तुझ्यावर चोरीचा आळ घेतला होता," भाची म्हणाली. "खोटारडी म्हणाले. खोली नको म्हणाले. चूक माझी होती, मी दुसऱ्याच कोणाचा फोन तुझा समजले." आणि तिने सगळं सांगितलं, आठ हजारांपासून दाढीवाल्या लेकरापर्यंत.

चिंगीने फोन खाली केला. जाड काचांमागे तिचे डोळे आणखीच मोठे दिसत होते.

"किती चोरले म्हणालीस?"

"आठ हजार."

"मग ठीक आहे," चिंगी म्हणाली, पण आवाज जरा कापलाच. "फुटकळ पाचशेसाठी आळ घेतला असतास ना, तर खरंच एकटीने घेतली असती खोली. चल. अनामत भरायचीय. आणि यापुढे मला काही विचारायचं असेल तर तोंडाने विचार."