परातीआडचा चेहरा

विरुपाक्षचं एडिटिंगचं दुकान सात रस्त्याजवळ, वरच्या मजल्यावर. लग्नाच्या फिल्म जोडण्यावर त्याचं घर चालायचं. त्या सकाळी टेम्पो चालवणारे हुसेनसाब बायकोला, अनवरीला, घेऊन जिना चढून आले, तेव्हा त्याला वाटलं, लग्नाचंच काम असेल. हुसेनसाबांनी मोबाइल पुढं केला.

"आमची लेक, सबिहा. डेंग्यूनं गेली. हलतीबोलती ह्या क्लिपमधी एवढीच उरलीय."

नात्यातल्या लग्नात कुणीतरी काढलेली क्लिप. सबिहा मैत्रिणीशी बोलत होती, मग कॅमेऱ्याकडं वळून हसली. पण परात घेतलेला एक वाढपी आधी तिच्या पाठीमागून गेला, मग फिरून नेमका तिच्या तोंडासमोरून.

"त्यो माणूस तेवढा काढा की."

पाठीमागचा अवघड नव्हता. तो सरकला की त्याच्यामागचा मांडवाचा पडदा उघडा दिसत होता. विरुपाक्षनं त्याच्याभोवती मास्कची रेघ आखली, हलत्या मोबाइलबरोबर पडद्यावरची फुलं कशी सरकतात ते ट्रॅक केलं आणि रिकामा पडदा तिथं बसवला. त्याची सावली मागं राहिली होती, तीही झाकली. माणूस नाहीसा झाला. हुसेनसाबांचा चेहरा उजळला.

मग तोंडासमोरचा. जेमतेम अर्धा सेकंद. पण परात आडवी आली तेवढ्यातच सबिहा वळली होती. आधी नुसता गाल, नंतर पूर्ण हसरा चेहरा. मधलं काहीच नाही.

"चाचा, पडदा आधी-नंतर उघडा दिसत होता म्हणून मिळाला. ही वळताना कॅमेऱ्याला दिसलीच नाही. कुठून आणू?"

"मशीन बनवतं म्हणत्यात."

"बनवतं. पण ते अंदाजानं."

"बनवू दे."

विरुपाक्षला नाही म्हणवलं नाही. दुपारपर्यंत चेहरा तयार झाला. कुठं जोड नाही, डाग नाही. हुसेनसाब पुन्हापुन्हा बघत रडत होते. अनवरी मात्र मागं सरकली.

"ये मेरी सबिहा नई," ती म्हणाली. "तिचा एक डोळा आधी बारीक व्हायचा, मग हसू यायचं. ही कोण हाय?"

"गप की!" हुसेनसाब खेकसले आणि क्लिप घेऊन गेले.

काही आठवड्यांनी ते एकटेच आले. दाढी वाढलेली.

"तुमच्याकडची ती बनवलेली क्लिप पुसा. मी मोबाइलमधली कवाच पुसली." ते खुर्चीत बसले. "पर डोळे मिटले की ती मशीनचीच वळती. आमची कशी वळायची, आठवंना झालंय. अनवरीला इचारलं, तर ती माझ्याशी बोलत न्हाय."

विरुपाक्षनं त्यांच्यासमोर फाईल पुसली. मग न विचारताच मूळ क्लिप लावली. सबिहा बोलत होती. वाढपी आला, परात आडवी झाली.

"थांबवा," हुसेनसाब म्हणाले.

चित्र थांबलं. स्क्रीनभर परातच होती. ते पुढं वाकून तिच्याकडं बघत राहिले. विरुपाक्षला क्लिप पुढं चालवायचा धीर झाला नाही.