मी त्यांची मुलगी बोलतेय

आमच्या आत्याचा आवाज फोनमधून बाहेर सांडतो. घरात तिला भोंगा म्हणायचो, अर्थात पाठीमागे. त्यामुळे तिने दवाखान्यात फोन केला तेव्हा काउंटरपासून चार हातांवर बसलेल्या आईला आणि मला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला.

"मी त्यांची मुलगी बोलतेय."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटून बसले होते.

आत्याने आईचं पूर्ण नाव सांगितलं. जन्मतारीखही सांगितली, पण वर्ष तीनने मागे नेऊन. खोटं बोलतानाही भावजयीला म्हातारी ठरवायची संधी तिने सोडली नाही. "गाठीचा तुकडा तपासायला दिला होता ना? चांगलं की वाईट, एका शब्दात सांगा."

काउंटरवरच्या बाईंनी फोन कानाशी घट्ट दाबला, आवाज कमी केला. उपयोग शून्य. दहा मिनिटांपूर्वीच आईचं कार्ड त्यांनी घेतलं होतं, तरी त्यांची नजर आमच्याकडे वळली नाही, की तोंडातून आईचं नाव निघालं नाही. "फोनवर आम्ही कुठल्याही पेशंटबद्दल बोलत नाही. अमुक कोणी आमच्याकडे येतात की नाही, हेसुद्धा सांगत नाही. ज्यांचा रिपोर्ट असेल त्यांनी स्वतः यावं."

"अहो, सख्खी मुलगी आहे मी!"

"असाल."

"म्हणजे काहीतरी वाईटच आहे. नाहीतर सांगितलं असतंत."

"रिपोर्ट चांगला असला तरी हेच उत्तर असतं, ताई."

आत्याला काळजी नव्हती, बातमी हवी होती. आयुष्यात तिने दुसरं काही कमावलं नाही. कोणाच्या घरात काय फुटलं, हे पहिल्यांदा आपल्या तोंडून बाहेर पडावं, एवढीच तिची हौस.

"वन्संना कळलं की संध्याकाळपर्यंत ह्यांच्या कानावर जाणार," आई हळूच म्हणाली. "ह्यांना मीच सांगणार. माझ्या तोंडून. काय असेल ते."

बाबा बहिणीच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणारे. आई म्हणाली ते मला पटलं.

डॉक्टरांनी बोलावल्यावर मी उठले. "तू बस," आई म्हणाली. वीस मिनिटांनी बाहेर आली. "झालं. चल."

"काय म्हणाले?"

"सांगेन."

चार दिवस तिने काही सांगितलं नाही. भाज्या चिरल्या, कपाट आवरलं, बाबांच्या शर्टाची बटणं लावली. मी तिच्या चेहऱ्यावर रिपोर्ट वाचायचा प्रयत्न करत राहिले. इतकी पुस्तकं वाचून तेवढं जमायला हवं, असा माझा समज होता.

पाचव्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी दवाखान्यात फोन लावला. "मी त्यांची मुलगी बोलतेय."

तेच वाक्य. तोच सूर.

"अहो, मी त्या दिवशी आईबरोबर आले होते. तुम्ही मला पाहिलंय."

"फोनवर मला कोणीच दिसत नाही, ताई."

"परवानगीच्या कागदावर माझं नाव असेल. बघा ना."

"पेशंटने कोणाचं नाव दिलं असेल, तर कागदावरच्या नंबरवर आम्ही स्वतः फोन करतो. बाहेरून आलेल्या फोनवर बोलत नाही."

"बरं, एवढंच सांगा, काळजीचं आहे की नाही? एका शब्दात."

बोलून गेले आणि कान तापले. आत्याने निदान ओरडून विचारलं होतं. मी हलक्या, सभ्य आवाजात विचारत होते, फरक एवढाच.

दुपारभर फोन टेबलावर उताणा ठेवून बसले. तो वाजला नाही. कागदावर आईने माझं नाव घातलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तर आत्या बाबांच्या शेजारी ठाण मांडून बसलेली. "दवाखानेवाले तोंड उघडत नाहीत, दादा. समजायचं ते समज."

बाबांचा चेहरा उतरला होता. आई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "वन्सं, तुम्ही आता घरी जा. मला ह्यांच्याशी बोलायचंय."

"माझ्यासमोर बोल की. मी काय परकी आहे?"

"घरी जा," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तूही बाहेर थांब."

दार बंद झालं. जिन्याच्या वळणावर आम्ही दोघी. आत्याने माझा दंड धरला. "तुला माहीत असणारच. सांग."

"मला माहीत नाही."

"चल, खोटारडी."

"खरंच नाही सांगितलं मला."

तिने दंड सोडला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अशा तुच्छतेने मी तिच्याकडे कितीदा पाहिलं असेन. माझ्याकडे कोणी तसं पाहायची ही पहिलीच वेळ. "सख्खी मुलगी," ती म्हणाली, "आणि तुलासुद्धा नाही?"

आतून बाबांनी आईला नावाने हाक मारली. आमच्यादेखत त्यांनी ती कधी मारली नव्हती.

आत्या दाराला कान लावून उभी राहिली. मी तिला मागे ओढलं नाही. मीही ऐकत होते.