गुंजाळसाहेबांच्या बाजूची खुर्ची

हल्ली कंपन्यांच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर कोटेशन भरताना तेजस्विनीला गुंजाळसाहेब आठवतात. मांजरी गावाजवळच्या एका बिस्किट कारखान्यात ते खरेदी विभाग सांभाळायचे. ती तेव्हा नुकतीच पंप विकायला फिरू लागली होती. आपलाच दर सगळ्यांत कमी, अशी तिची खात्री होती. तरी ऑर्डर दुसऱ्याला गेली, म्हणून ती तावातावाने त्यांच्याकडे गेली.

"अहो, रागावताय काय? इकडे या, माझ्या बाजूला बसा," ते म्हणाले.

तुलनेच्या तक्त्यातले बाकीच्यांचे आकडे कागदाने झाकून त्यांनी तिच्या कोटेशनला मिळालेले गुण दाखवले. शंभरपैकी दराला चाळीसच होते. उरलेले तांत्रिक योग्यता, डिलिव्हरी आणि सर्व्हिसला. तिने वाहतूक खर्च वेगळा लावला होता. तो धरल्यावर तिचा दर सगळ्यांत कमी राहतच नव्हता. डिलिव्हरीच्या रकान्यात तिने 'लवकरात लवकर' लिहिलं होतं.

"याला किती गुण देऊ? तुमच्या मनातली तारीख मला कशी कळणार? दर मागवताना पाठवलेल्या चौकशीपत्रातच निकष छापले होते. वाचायला मनाई नव्हती."

ती ओशाळून हसली. पुढच्या चौकशीला तिने आधी फोन करून शंका विचारल्या आणि प्रत्येक निकषाला नेमकं उत्तर दिलं. दर थोडा जास्त असूनही ऑर्डर तिला मिळाली.

साहेब आता निवृत्त होऊन वारज्यात राहतात. काल तिने न राहवून फोन केला.

"रविवारी चहाला या," ते म्हणाले. "विकायला काही आणू नका."