एकाच कापडाच्या दोन थैल्या

टेलरकाकांनी उभ्या आयुष्यात लोकांचं माप चुकवलं नाही, पण घरच्या कामात मात्र ते पक्की चालढकल करायचे. काकूंनी सांगितलं होतं, "अहो, औषधाच्या दोन्ही थैल्या एकसारख्या शिवू नका. निदान एका थैलीला लाल बटण लावा." त्यावर काका म्हणाले होते, "लावतो गं, पळून चाललंय का ते?" बटण काही लागलं नाही.

दोघांनाही मधुमेह, दोघांचं इन्सुलिनही एकच. परदेशी लेकीकडे काकू आधी जाणार आणि काका मागाहून, असं ठरलं होतं. विमानात औषध नेण्यासाठी डॉक्टरांनी दोघांना वेगवेगळी पत्रं दिली होती, ती ज्याच्या त्याच्या थैलीत ठेवलेली. निघताना काकूंनी घाईत एक थैली उचलली आणि ती नेमकी काकांची निघाली. पोहोचल्यावर त्या फोनवर हसल्या, "तुमचा कागद माझ्याकडे आलाय. मला कुणी विचारलं नाही म्हणून बरं. तुम्ही नवा करून घ्या हो!" काका म्हणाले, "करतो." तेही तसंच राहिलं.

आणि काल सकाळी लेकीचा फोन आला. आई झोपेतच गेली होती. "बाबा, तुम्ही येईपर्यंत आम्ही थांबतो," ती म्हणाली, "पण लवकर या." आज निघताना काकांनी फ्रीजमधली थैली काढली, बर्फाच्या पाकिटाला कापड गुंडाळलं, म्हणजे इन्सुलिन गोठायला नको, आणि थैली हातातल्या बॅगेत ठेवली. सामानात टाकायची नाही, विमानाच्या पोटात फार गार पडतं, हे काकूंनी त्यांना घोकून घोकून शिकवलं होतं. कागद मात्र त्यांनी उघडून पाहिला नाही.

विमानतळावर तपासणीच्या टेबलावर त्यांनी स्वतःहून थैली पुढे केली. "इन्सुलिन आहे, सुया आहेत. डॉक्टरांचं पत्रही आहे."

तपासणारी मुलगी अदबीनं वागत होती. तिनं पत्र वाचलं, खोक्यावरची औषधाच्या दुकानाची चिठ्ठी पाहिली, मग पासपोर्ट पाहिला. "काका, हे सगळं बाईच्या नावावर आहे."

"माझ्या बायकोचं आहे ते. थैल्यांची अदलाबदल झाली."

"त्या सोबत आहेत का?"

"ती पुढे गेलीय," काका कसेबसे म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

मुलीनं साहेबांना बोलावलं. साहेब वयस्कर होते, आवाज न चढवता बोलले. "तुम्ही खोटं बोलता असं नाही. पण सुया आणि औषध दुसऱ्याच्या नावावर, तुमच्या नावाचा कागद नाही. आणि उतरल्यावर तिकडे पुन्हा विचारतील. तुमच्या डॉक्टरांना फोन करा, तुमच्या नावाचं पत्र मोबाईलवर मागवा. मी थांबतो. विमान मात्र थांबणार नाही."

इन्सुलिन इथेच सोडून जावं, असं एक क्षण काकांच्या मनात आलं. पण एवढा लांबचा प्रवास त्याच्याशिवाय झेपणार नाही, हे त्यांना कळत होतं. न जावं, तर तिचं तोंड बघायचं राहील. एका बटणापायी! त्यांना स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

त्यांनी दवाखान्यात फोन लावला. तिथली कंपाउंडरबाई जुनी, घरच्यासारखी. "डॉक्टर आलेत का गं? मला पत्र हवंय, प्रवासाचं. औषध, डोस, सुया, सगळं लिहून. आणि खोक्यावर बायकोचं नाव आहे, पण औषध तेच आहे, एवढंही लिही."

"विचारते थांबा. डॉक्टर म्हणतात, लगेच सही करतो." बोलता बोलता ती की-बोर्ड बडवत होती. "पासपोर्टवर आहे तसंच नाव सांगा. हं. आणि काका, काकूंचं पण नवं करून टाकू का? तिकडून परत येताना लागेल ना त्यांना."

काकांनी भिंतीला हात टेकला. बाजूनं माणसं पट्टे काढत होती, बूट घालत होती.

"नको," ते म्हणाले. "तिला आता लागणार नाही. गेली गं ती, काल."

कालपासून हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांनाही "सहज चाललोय लेकीकडे" म्हणून निघाले होते. पलीकडे की-बोर्ड थांबला. टेबलामागची मुलगीही खाली बघू लागली.

पत्र आलं. साहेबांनी ते वाचलं, पासपोर्टशी ताडून पाहिलं, आणि खोकी एकेक करून स्वतः थैलीत भरली. "जा काका," एवढंच म्हणाले.

विमानात काकांनी मोबाईलवरच्या पत्रात आपला डोस पुन्हा पाहिला. सुई लगेच टोचून मोकळं व्हावंसं वाटत होतं, पण ताट समोर आल्याशिवाय टोचायचं नाही, हाही काकूंचाच नियम. ताट आल्यावर त्यांनी तिच्या नावाच्या खोक्यातलं इन्सुलिनचं पेन काढलं आणि टोचून घेतलं. वापरलेली सुई त्यांनी टणक डबीत टाकली.

मग त्यांनी ताट बाजूला सारलं. पण इन्सुलिन घेतलंय, आता खायलाच हवं, नाहीतर ती रागावेल. डोळे पुसत पुसत टेलरकाकांनी ताट संपवलं.