दोन शब्दांवर ठरलेली भाषा

बरे न होणाऱ्या रुग्णांची घरीच काळजी घेणारा आमचा विभाग. नातेवाईक फोनवर संदेश लिहितात, संगणक भाषा ओळखतो आणि त्याच भाषेत उत्तर देतो. ओळख बरोबर आहे का ते तपासून शिक्का मारायचं काम माझं. वीस वर्षं नर्स होते, गुडघे गेले तेव्हा ही खुर्ची मिळाली.

त्या सोमवारी संगणकवाला कोकणी बंद करायचा कागद घेऊन आला. “शंभरात दोन माणसं वापरतात, सिस्टर. उगाच कशाला सांभाळायची? सही करा.”

एरवी मी शेवटचे चार संदेश बघून शिक्का मारायचे, कामाचा उरक म्हणून. सही करायची म्हटल्यावर मात्र एक संभाषण पहिल्यापासून उघडलं. एका नवऱ्याने बायकोबद्दल दोनच शब्द लिहिले होते: “तिका दुखता.” संगणकाने मराठी चौपन्न टक्के, कोकणी एक्केचाळीस असा अंदाज बांधून मराठीत उत्तर दिलं होतं. पुढे तोही बिचारा मराठीतच लिहू लागला. दुखणं कसं आहे? थोडं. झोप? ठीक. अकरा दिवस हेच, आणि औषधाचा डोसही अकरा दिवस तेवढाच.

“मराठीच लिहितोय की हा,” संगणकवाला म्हणाला.

“तुम्ही मराठीत विचारल्यावर काय करील? पाहुणा यजमानाच्याच भाषेत बोलतो.”

वॉर्डातल्या मावशींची कोकणी घरचीच. त्यांना बोलावून त्या नवऱ्याला फोन लावायला सांगितलं. “कशी आसा ती?” एवढंच त्यांनी विचारलं, आणि तो माणूस चौदा मिनिटं बोलत होता. मावशी कागदावर लिहीत गेल्या. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. कूस बदलली की उशी दातांत धरते. डॉक्टरांनी लगेच डोस वाढवला, दुपारी नर्स त्यांच्या घरी गेली, आणि संध्याकाळी ती बाई झोपली.

संगणकवाल्याने कागद घडी घालून खिशात ठेवला. “अंदाज इतके जवळ असले तर दोन्ही भाषांत विचारायला हवं, कुठली हवी म्हणून. आणि कोकणीवाले किती, हे मोजायचं ते पहिल्या संदेशावरून. नंतरची भाषा आपणच घडवतो.” शहाणपण उशिरा सुचलं, पण सुचलं.

दुसऱ्या दिवशी तशीच सुरुवात झालेली संभाषणं शोधली. एकतीस निघाली. प्रत्येकावर ‘मराठी, बरोबर’ हा शिक्का माझा होता. मला माझी लाज वाटली.

मावशींनी यादीतला पहिला नंबर लावला. मुलीने उचलला. तिची आई महिन्यापूर्वी गेली होती.

“शेवटी फार दुखत होतं का, विचारा,” मी म्हणाले.

मावशींनी विचारलं, बराच वेळ ऐकलं, मग फोनवर हात ठेवला.

“खूप दुखायचं, म्हणते. तुम्ही रोज विचारत होतात. पण तुमच्या भाषेत ते सांगता येत नव्हतं.”