तपकिरी जोडी

मजूर सुकलाल मशीनमध्ये सापडून गेला, त्याला तिसरा दिवस होता. कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात पाच माणसं एका पडद्याकडे टक लावून बसली होती: फौजदार, मालक हेमराजशेठ, मुकादम जगदीश, दाराशी उकिडवी बसलेली सुकलालची बायको रेवाबाई आणि रेकॉर्डरचा माऊस हातात धरलेला ललित. कोरीट गावचा हा ललित कॅमेरे बसवायचा आणि सांभाळायचा.

प्रश्न एका लाल रुमालाचा होता. त्या जिनिंगमध्ये कुठे लिहून ठेवलेला नसला तरी सगळ्यांनी पाळायचा एक कायदा होता. कापूस मोकळा करणाऱ्या मशीनच्या पोटात काट्यांचे रूळ फिरतात. तिथे बोळा अडकला की मशीन बंद करून माणूस आत उतरतो, आणि उतरण्याआधी आपला रुमाल स्विचच्या दांड्याला बांधतो. तो बाहेर येऊन स्वतःच्या हाताने सोडेपर्यंत त्या दांड्याला कुणी बोट लावायचं नाही. सुकलाल आत असताना जगदीशने मशीन सुरू केलं. जगदीशचं म्हणणं, रुमाल बांधलेलाच नव्हता. मग चूक मेलेल्याचीच ठरणार होती, आणि तशीच कागदावर जाणार होती.

"त्यानी रुमाल बांधा नही, साहेब. मी स्वतः दखा," जगदीश म्हणाला. "खांदावरच व्हता."

रेवाबाई धडगावकडच्या डोंगरातली. तिला इथल्या माणसांची बोली नीट येत नव्हती, तरी ती बोललीच. "तो बांधतोच. गावात विहिरीत उतरला तरी काठावर रुमाल ठेवतो. चित्रात बघा तुम्ही."

स्विचच्या बोर्डासमोर कॅमेरा होता, ललितनेच लावलेला. पडद्यावर अकरा बेचाळीसला सुकलाल खांद्यावर रुमाल टाकून स्विचकडे चालत आला. हात खांद्याकडे गेला. तिथे चित्र गोठलं. पुन्हा हललं तेव्हा घड्याळात अकरा चव्वेचाळीस झाले होते, माणसं धावत होती आणि रुमाल खाली सरकीत पडला होता. बांधून काढला की खांद्यावरून पडला, ते सांगायला दोन मिनिटं हवी होती, आणि नेमकी तीच नव्हती.

"कापलं," रेवाबाई शांतपणे म्हणाली. "यांनी चित्र कापलं."

फौजदारांनी शेठकडे पाहिलं. शेठने ललितकडे. "कोणी काही काढलंय का यातून?" फौजदारांनी विचारलं.

"बघून सांगतो," ललित म्हणाला आणि उठला. खरं तर त्याला बघायची गरजच नव्हती.

दिवाळीनंतर जिनिंगमधले सव्वीसच्या सव्वीस कॅमेरे सारखे जायचे यायचे. तेव्हा शिडी लावून त्याने केबल तपासली होती. शेडमधल्या कॅमेऱ्यांच्या नेटवर्क स्विचपासून ऑफिसपर्यंत ऐंशी मीटरची एकच केबल, मशीनच्या डोक्यावरून गेलेली. टेस्टरचे एक ते सहा दिवे लागले, सात आणि आठ लागले नाहीत. म्हणजे आतल्या तारांच्या चार जोड्यांपैकी तपकिरी जोडी तुटलेली. पत्रा ठोकताना कुणीतरी खिळा केबलमधूनच घातला होता. हजार मेगाबिटच्या वेगाला चारही जोड्या लागतात. शंभरला नारिंगी आणि हिरवी दोन पुरतात. दोन्हीकडची यंत्रं हजारसाठी हट्ट धरायची, जमायचं नाही, सुटायची, पुन्हा धरायची.

"केबल बदलनी पडी," तो जगदीशला म्हणाला होता. "अर्धा दिवस मशीन बंद ठेव."

"सीझन चालू शे भाऊ. बाहेर गाड्यास्नी रांग दख. आते चालस का नही चालस, तेवढं सांग."

आणि ललितने वेळ मारून नेली. सेटिंगमध्ये जाऊन त्याने दोन्ही टोकांना शंभरचा वेग बांधून टाकला. जाणं येणं थांबलं. जेवणाची सुट्टी होती, मशीन थांबलेलं. रिकामा शेड, रिकामं अंगण, सगळी चित्रं कशी गुळगुळीत. न हलणाऱ्या चित्राला वेग लागतोच किती? सुट्टी संपून गाड्या आत आल्या, कापूस उडू लागला, माणसं पळू लागली, की तेच कॅमेरे मिळून दीडशेच्या घरात मागणार, हे त्याला समजत होतं. शंभरच्या वाटेत ते मावणार नव्हतं. मग कुठलाही एखादा कॅमेरा गळणार आणि रेकॉर्डर त्याला परत पकडेपर्यंत मिनिट दोन मिनिटं जाणार. समजत होतं, तरी तो म्हणाला होता, "चाली जाई. सीझन सरना का बदलूत."

आता तो शेडमध्ये त्या नेटवर्क स्विचसमोर उभा राहिला. त्या केबलच्या पोर्टवरचा दिवा पिवळा होता, म्हणजे वेग शंभरवरच बांधलेला. गेला महिनाभर तो असाच पिवळा होता आणि ललित प्रत्येक खेपेला त्याच्याकडे पाठ करून गेला होता. त्याला स्वतःची किळस आली.

खरं सांगावं, तर चित्र कुणी कापलं नाही हे सिद्ध होणार. म्हणजे रेवाबाईच्या हातात होता नव्हता तो एक संशय, तोही जाणार आणि जगदीश सुटणार. गप्प राहावं, तर न केलेल्या गोष्टीचा आळ दुसऱ्यावर. तो ऑफिसात गेला आणि त्याने खरं सांगितलं. रेकॉर्डरच्या नोंदी दाखवल्या, अपघाताच्या सकाळीच कॅमेरे नऊ वेळा गळल्याचंही दाखवलं.

"म्हणजे तांत्रिक बिघाड," फौजदारांनी लिहिलं. "चित्रीकरण उपलब्ध नाही." पुढच्या ओळीत सुकलालची चूक आली. शेठने सुस्कारा सोडला. रेवाबाई ललितकडे वळली. "तुझ्या हातात होतं ना रे हे?" तिने विचारलं.

पंचनाम्यासाठी मशीन बंदच होतं. आता अर्धा दिवस सहज मिळाला. ललितने नवी केबल ओढली, टेस्टरवर आठही दिवे पाहिले, बांधलेला वेग सोडला. पोर्टवरचा दिवा हिरवा झाला.

चार दिवसांनी, भर गर्दीच्या वेळी तो तपासणीसाठी ऑफिसात बसला. गाड्यांची रांग, कापसाचा धुरळा, सव्वीस चित्रं आणि एकही गळत नव्हतं. बोर्डाच्या चित्रात एक नवा मजूर आला. त्याने दांड्याला पिवळा रुमाल बांधला आणि मशीनच्या पोटात उतरला. मिनिटभराने जगदीश घाईघाईने आला, आत डोकावल्यासारखं केलं, काहीतरी ओरडला. मग त्याने डाव्या हाताने रुमाल ओढून सरकीत टाकला आणि उजव्या हाताने दांडा वर केला. मजूर नुकताच झरोक्यातून पाय बाहेर घेत होता. अर्ध्या हाताच्या फरकाने वाचला.

ललितने चित्राचे ते तुकडे पेन ड्राइव्हवर घेतले आणि तसाच पोलीस ठाण्यात गेला. बाकावर रेवाबाई बसलेली होती, सुकलालची चूक लिहिलेल्या कागदावर अंगठा द्यायला. फौजदारांनी चित्र दोनदा पाहिलं. रेवाबाई उठून मागे येऊन उभी राहिली. तिने पडद्यावर सरकीत पडलेल्या रुमालावर बोट ठेवलं. "असाच," ती म्हणाली. "असाच पडला होता."

"हे त्या दिवसाचं आहे?" फौजदारांनी विचारलं.

"नाही साहेब. आजचं."

फौजदारांनी पेन ड्राइव्ह काढून त्याच्या हातात परत दिला. "त्या दिवसाचं असेल तर आण," ते म्हणाले आणि अंगठ्यासाठी शाईची डबी रेवाबाईसमोर सरकवली.