दुरुस्तीचं काम कोणाच्या नावावर

उस्तादाने रविवारी संध्याकाळी कात्र्या पुसता पुसता सांगितले, तेव्हा त्याचा आवाज इतका सहज होता की मालकीणबाईंना आधी वाटले, तो सुट्टी मागतो आहे.

"मॅडम, समोर नवीन सलून उघडतंय ना, तिथून बोलावणं आलंय. साडूच्या ओळखीने. चाळीस टक्के कमिशन देतात. पुढच्या रविवारपर्यंत सांगा म्हणालेत."

"मग?"

"मग काय? तुम्हाला न सांगता जाणं बरं दिसलं नसतं."

उस्ताद हे नाव त्याला गिऱ्हाइकांनी दिले होते आणि त्याने ते फारसे आढेवेढे न घेता स्वीकारले होते. सलूनचा निम्म्याहून अधिक गल्ला त्याच्या एकट्याच्या खुर्चीवर जमत असे.

मालकीणबाई पूर्वी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होत्या. तिथली एक खोड त्यांच्यात राहिली होती: काळजी वाटली की त्या आकडे मांडत. त्या रात्री त्यांनी ते मांडले. महिन्याचा गल्ला दोन लाख नव्वद हजार. भाडे, रंग, वीज, हप्ता आणि तिघांचे ठरलेले पगार जाऊन पन्नास हजार उरत. तिघांनाही पगाराऐवजी चाळीस टक्के दिले, तर उरत चार हजार. एकट्या उस्तादाला दिले, तर वीस हजार, आणि उरलेल्या दोघींचे रुसवे वेगळे. तो गेला, तर उणे. कर्जाला थोरल्या जाऊबाई जामीन होत्या. सलून बुडाले तर बँक आधी त्यांच्या दारात जाईल, आणि जाऊबाई पुढची वीस वर्षे काहीही न बोलता चहा देतील. त्या चहाच्या नुसत्या कल्पनेने मालकीणबाईंची झोप उडाली.

तरीही न तपासता निष्कर्ष काढायचा नाही, म्हणून त्यांनी सोमवारी सकाळी तिघांना सांगितले, "हा एक आठवडा सगळ्यांना चाळीस टक्के. पगार बंद, फक्त आठवड्यापुरता. काय होतंय ते बघू."

उस्ताद हसला. तिशीतली चष्मेवाली, जी केस कापण्यापेक्षा हिशेबात तेज होती, तिने लगेच फोनवर आकडेमोड सुरू केली. तिसऱ्या कारागीर, मावशी, टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. त्या म्हणाल्या, "बघा ताई, तुम्ही म्हणाल तसं."

दोन दिवस प्रयोग उत्तम चालला. गल्ला वाढला. चष्मेवालीने चार जणींना केसांचा स्पा घ्यायला लावला. मात्र फोन कोणी न उचलता वाजत राहू लागला. आधी वेळ न ठरवता येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी रंगवाले उस्तादाच्या खुर्चीकडे आपसूक वळत आणि लहान मुलांची कटिंग मावशींकडे. धुतलेले टॉवेल मशीनमध्येच ओले पडून राहू लागले. मालकीणबाईंनी ते स्वतः वाळत घातले आणि वहीत टिपून ठेवले.

बुधवारी दुपारी मुख्याध्यापिकाबाई आल्या. चार दिवसांपूर्वी उस्तादाने त्यांना रंग लावला होता. त्यांनी रुमाल सोडला, तेव्हा मुळाशी दोन बोटे केस नारिंगी झळकत होते आणि टोके तपकिरीच होती. टाळूच्या उबेने मुळाशी रंग जास्त उघडतो, म्हणजे फिका होतो. हे कोणत्याही रंगाऱ्याला ठाऊक असते, फक्त घाईत आठवत नाही.

"सोमवारी शाळेत तपासणी आहे," त्या म्हणाल्या. "मी अशी उभी राहू?"

अशी दुरुस्ती फुकट करून द्यायची, हा सलूनचा पहिल्या दिवसापासूनचा शिरस्ता. बिल शून्य. शून्याचे चाळीस टक्के किती, हे तिघांनाही पाठ होते.

"साडेचारला माझ्याकडे हायलाइट्स आहेत," उस्ताद आरशात बघत म्हणाला.

"मी केलं तर माझ्या नावावर काय पडणार?" चष्मेवालीने विचारले.

बाई ओल्या टॉवेलात वीस मिनिटे बसून होत्या.  शेवटी मावशींनी हातमोजे चढवले. मुळाशी राखाडी छटेचा एक पायरी गडद रंग, टोकांना हात नाही, मग धुणे, पुन्हा बघणे: दोन तास. त्या वेळात मावशींच्या नेहमीच्या दोघी गिऱ्हाइकं चष्मेवालीच्या खुर्चीत बसून गेल्या. मुख्याध्यापिकाबाई जाताना मावशींचा हात धरून बोलत राहिल्या. उस्तादाने तेवढ्यापुरता ड्रायर मोठा केला.

शनिवारी दुपारी मावशी केबिनमध्ये आल्या आणि दार लावून घेतले.

"ताई, मलापण समोरून विचारलंय."

मालकीणबाईंच्या हातातले पेन थांबले. आठवडाभर त्यांनी एकाच माणसाची काळजी केली होती, आणि ती चुकीच्या माणसाची होती.

"कमिशनवर?"

"छे हो. अठ्ठावीस हजार, ठरलेले. मला कमिशनचा काय उपयोग? पोराच्या हॉस्टेलची फी पाच तारखेला जाते. ह्या आठवड्यात माझे पाच हजार एकशे वीस झालेत. पगारात साडेपाच पडायचे." त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. "पैशांचं एक सोडा. बुधवारी मी उठले नसते, तर कोण उठलं असतं?"

उत्तर दोघींना माहीत होते. समोरच्या मालकाने ज्याला जे हवे ते बरोबर ओळखून देऊ केले होते. हे मालकीणबाईंना पाच वर्षांत जमले नव्हते.

"उद्या सकाळी सांगते. तोवर त्यांना हो म्हणू नका."

रविवारी सलून उघडण्याआधी त्यांनी एक कागद ठेवला. ठरलेला पगार राहणार. मावशींचा बावीसवरून सव्वीस हजार. प्रत्येकाच्या महिन्याच्या बिलांतून रंग आणि साहित्याचा खर्च वजा करायचा. उरलेली रक्कम पगाराच्या तिपटीच्या वर गेली, तर वरच्या रकमेवर तीस टक्के. आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या नावावर मूळ बिल जमा होईल. ज्याच्या हातून बिघडले, त्याच्या नावावरून तेवढेच वजा.

उस्तादाने कागद दोनदा वाचला. "म्हणजे मला पगाराचे तीस आणि वर नऊ हजार. तिकडे साठ मिळतात, मॅडम."

"तिकडचे चाळीस टक्के रंगाचा खर्च धरून की सोडून?"

"विचारलं नाही."

"रंग वजा करून असतील, तर अठ्ठेचाळीस. तुमची निम्मी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून आली, तर चोवीस. इथे तुम्ही आजारी पडलात तरी तीस आहेत. मी थांबा म्हणत नाही. विचारून या म्हणते."

"आणि मुख्याध्यापिकाबाई? त्या माझ्या नावावरून वजा?"

"हो."

 तो कात्र्यांची पेटी काखेत मारून समोर गेला आणि अर्ध्या तासाने परत आला. मावशी आरसे पुसत होत्या. त्यांनी कागद अजून हातात घेतला नव्हता.

"रंग वजा करूनच," तो म्हणाला. "आणि पहिले तीन महिने काम असेल तरच पैसे, नाहीतर नुसतं बसून राहायचं. साडू पण असा, हे बोललाच नाही..."

"मला दुरुस्तीची ओळ सही-शिक्क्यासह हवी," मावशी म्हणाल्या. "तोंडी नको."

मालकीणबाईंनी सही करून शिक्का मारला. त्यांच्या हिशेबाने आता महिन्याला सदतीस हजार उरणार होते: पन्नासपेक्षा कमी, चारपेक्षा बरेच जास्त. मावशींनी घडी करून कागद पर्समध्ये ठेवला आणि समोरच्यांना नाही म्हणायला फोन लावला. उस्तादाने पेटी खणात ठेवली, पण राहणार की जाणार हे सांगितले नाही.

मंगळवारी दुपारी, खुर्ची रिकामी असताना, त्याला कोपऱ्यात फोनवर बोलताना मालकीणबाईंनी ऐकले.

"बाई, मी उस्ताद. मुळाशी रंग कसा दिसतोय? तपासणी झाली ना नीट? नाही, असंच. पुढच्या वेळी मुळांना शेवटी लावू, टाळूच्या उबेने उघडतो तिथे."

कामानंतर कोणा गिऱ्हाइकाला त्याने स्वतःहून फोन केल्याचे त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्यांनी वहीत नोंद केली. एक निरीक्षण, त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. संध्याकाळी मात्र त्याचा कात्र्यांचा खण उघडा दिसला, आणि पेटी आत आहे की नाही हे बघण्यासाठी त्या दोनदा तिथून गेल्या. पेटी होती.